इंग्रजी लेखनातील समांतर रचना व अधांतरी विशेषक

समांतर रचना व अधांतरी विशेषक हे इंग्रजीच्या प्रगत लेखनाभ्यासातील वाक्यशुद्धीचे दोन विषय होत. एकाच वाक्यात समान दर्जाच्या दोन किंवा अधिक गोष्टी जोडून येतात, तेव्हा त्यांना व्याकरणदृष्ट्या एकाच घाटाचे रूप देणे म्हणजे समांतर रचना. इंग्रजीत तिला पॅरलल स्ट्रक्चर किंवा पॅरललिझम म्हणतात. ज्या विशेषणात्मक किंवा क्रियाविशेषणात्मक पदबंधाला चिकटण्यासाठी वाक्यात योग्य नामच सापडत नाही, त्याला डँगलिंग मॉडिफायर, म्हणजे अधांतरी विशेषक असे म्हणतात. पहिला विषय गुणाचा आहे व दुसरा दोषाचा. परंतु अभ्यासपुस्तकांत ते बहुधा शेजारी शेजारी येतात. याचे कारण असे की दोन्हींत वाचकाची एक अपेक्षा गुंतलेली असते. वाक्याचा आरंभ जे रूप दाखवतो त्यावरून वाचक पुढचा भाग मनाशी बांधत जातो आणि वाक्य ती अपेक्षा मोडते तेव्हा तो अडखळतो.

मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला हे दोष स्वतःच्या लेखनात सहसा दिसत नाहीत. ते केवळ निष्काळजीपणाचे फळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजीत सदोष ठरणाऱ्या यांतील अनेक रचना मराठीत निर्दोष आहेत.

## स्वरूप

अधांतरी विशेषकाचे नेहमीचे उदाहरण वाक्यारंभी येणाऱ्या धातुसाधिताचे असते. "वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल" या वाक्यात 'वॉकिंग' म्हणजे चालण्याची क्रिया कोणाची, हे आरंभीच्या पदबंधात सांगितलेले नाही. इंग्रजी वाचक ते पुढे शोधतो आणि स्वल्पविरामानंतर येणाऱ्या मुख्य वाक्याच्या उद्देश्याशी ती क्रिया जोडतो. तेथे त्याला 'द ट्रीज' भेटतात. परिणामी झाडे रस्त्याने चालत होती असा अर्थ क्षणभर तरी निघतो.

धातुसाधिताखेरीज आणखीही काही पदबंध असेच अधांतरी राहतात. "व्हेन अ चाइल्ड, माय ग्रँडफादर टोल्ड मी स्टोरीज" यात लहान मूल कोण, नातू की आजोबा, हा घोटाळा होतो. "अ‍ॅज अ टीचर, द स्टुडंट्स ऑफन सरप्राइज मी" या वाक्यात विद्यार्थीच शिक्षक ठरतात. अशा ठिकाणी क्रियापद गाळलेले असल्याने दोष अधिक लपतो.

अधांतरी विशेषक आणि अस्थानी विशेषक यांत भेद करणे आवश्यक आहे, कारण दोघांची दुरुस्ती वेगळी असते. "शी सर्व्ह्ड टी टू द गेस्ट्स इन स्टील कप्स" यात 'इन स्टील कप्स' हा पदबंध पाहुण्यांना चिकटला आहे, पण त्याचा खरा धनी 'टी' वाक्यात हजर आहे. पदबंध उचलून 'टी'शेजारी ठेवला की काम भागते. अधांतरी विशेषकाला योग्य धनी उपलब्धच नसतो. म्हणून नुसत्या स्थलांतराने तो दोष जात नाही. "द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल, वॉकिंग डाउन द रोड" असे लिहिले तरी चालणारी झाडेच राहतात.

## व्याकरणातील उद्देश्य आणि अर्थातील कर्ता

मराठीत "रस्त्याने जाताना झाडे सुंदर दिसत होती" हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. 'जाताना' या रूपाला मुख्य वाक्याचा कर्ताच आपला कर्ता असावा असे बंधन नाही. बोलणारा जात होता हे प्रसंगावरून कळते आणि तेवढे पुरते. "घरी येताना पाऊस लागला" या वाक्यात पाऊस घरी येत होता असे कोणालाही वाटत नाही.

'ऊन' प्रत्ययान्त रूप, म्हणजे 'खाऊन', 'वाचून', 'जाऊन' इत्यादी, अधिक कडक आहे. त्याला समान कर्ता लागतो. "घरी जाऊन पाऊस पडला" हे मराठी कानाला खटकते. या नियमाची मुळे संस्कृतात आहेत. दोन क्रियांचा कर्ता एक असताना पूर्वी घडलेली क्रिया दाखवण्यासाठी पाणिनीने क्त्वा प्रत्यय सांगितला आहे. म्हणजे समानकर्तृकत्वाची अट भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही, उलट फार जुनी आहे. तरीही इंग्रजीतील अट आणि ही अट यांत एक महत्त्वाचा फरक राहतो, आणि मराठी भाषकाची अडचण नेमकी तेथे आहे.

संस्कृतात व मराठीत ही समानता अर्थातील कर्त्याची असते. "रामाने आंबा खाऊन कोय फेकली" या कर्मणी प्रयोगात 'फेकली' हे क्रियापद कोयीच्या लिंगवचनानुसार चालते. तरी कर्ता 'रामाने' हाच आहे आणि आंबा खाणाराही तोच, म्हणून वाक्य निर्दोष आहे. हेच इंग्रजीत कर्मणी प्रयोगात आणले की "हॅविंग ईटन द मँगो, द स्टोन वॉज थ्रोन अवे बाय राम" असे वाक्य होते. राम वाक्यात आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने कर्ताही तोच आहे. परंतु इंग्रजी लेखनशास्त्रातील अट क्रियापदावर सत्ता चालवणाऱ्या व्याकरणिक उद्देश्याची आहे आणि येथे ते उद्देश्य 'द स्टोन' आहे. त्यामुळे आंबा कोयीने खाल्ला असे होते.

अनुभववाचक वाक्यांत हे अंतर आणखी वाढते. "पत्र वाचून मला आनंद झाला" येथे शालेय व्याकरणाच्या पद्धतीने 'होणारा' कोण असे विचारले तर कर्ता 'आनंद' येतो. पण पत्र आनंदाने वाचलेले नाही, ते 'मला' या पदाने दाखवलेल्या व्यक्तीने वाचले आहे. मराठी ही सवलत सहज देते. इंग्रजीत मात्र "रीडिंग द लेटर, ग्रेट जॉय वॉज फेल्ट" असे लिहिता येत नाही. "रीडिंग द लेटर, आय फेल्ट ग्रेट जॉय" असेच लिहावे लागते.

शाळेत इंग्रजी 'सब्जेक्ट' या संज्ञेला सरसकट 'कर्ता' असा प्रतिशब्द दिला जातो. त्यामुळे हा भेद पुसला जातो. 'उद्देश्य' हा शब्द येथे अधिक नेमका आहे, कारण क्रिया करणारा आणि क्रियापदाला वागवणारा हे इंग्रजी कर्मणी प्रयोगात वेगवेगळे असतात. जो विद्यार्थी 'चालणारा कोण' एवढेच विचारतो त्याला उत्तर मनातल्या मनात मिळते आणि तो पुढे जातो. 'मुख्य क्रियापदाचे उद्देश्य कोणते, आणि तेच चालते आहे काय' असे दोन प्रश्न विचारल्यावर दोष सापडतो.

## अधांतरी विशेषकाची दुरुस्ती

दुरुस्तीचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात आरंभीचा पदबंध तसाच ठेवून मुख्य वाक्याचे उद्देश्य बदलतात: "वॉकिंग डाउन द रोड, वी अ‍ॅडमायर्ड द ट्रीज". दुसऱ्यात मुख्य वाक्याला हात न लावता आरंभीच्या पदबंधाला स्वतःचे उद्देश्य देऊन त्याचे उपवाक्य करतात: "अ‍ॅज वी वॉक्ड डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल". दोन्ही शुद्ध आहेत, पण समानार्थी नाहीत. पहिल्यात वाक्य पाहणाऱ्यांविषयी होते, तर दुसऱ्यात ते झाडांविषयीच राहते. परिच्छेद झाडांचे वर्णन करत असेल तर दुसरा मार्ग योग्य. पर्यायी उत्तरांच्या अभ्यासात हा विचार करावा लागत नाही, सलग लेखनात मात्र तो टाळता येत नाही.

दुरुस्ती करताना सर्वाधिक फसवणूक षष्ठीच्या रूपाने होते. "हॅविंग स्टडीड द मॅप, द गाइड्स अ‍ॅडव्हाइस वॉज टू टर्न बॅक" हे वाक्य वरवर पाहता ठीक वाटते, कारण वाटाड्या स्वल्पविरामाच्या लगेच पुढे उभा आहे. परंतु 'गाइड्स' हे येथे षष्ठ्यन्त विशेषण आहे. उद्देश्य 'अ‍ॅडव्हाइस' आहे. नकाशा सल्ल्याने वाचला असे होते. "हॅविंग स्टडीड द मॅप, द गाइड अ‍ॅडव्हाइज्ड अस टू टर्न बॅक" अशी दुरुस्ती करावी लागते. 'इट' किंवा 'देअर' या पोकळ उद्देश्यांनी मुख्य वाक्य सुरू झाले तरी हाच प्रकार होतो. त्या शब्दांना स्वतःचा अर्थ नसल्याने ते कोणतीही क्रिया करू शकत नाहीत.

## समांतर रचनेची तपासणी

समांतर रचना तपासताना प्रथम जोडणारा शब्द शोधतात: 'अँड', 'ऑर', 'बट', तुलनेतील 'दॅन' व 'अ‍ॅज', किंवा 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो', 'आयदर... ऑर', 'बोथ... अँड' यांसारख्या जोड्या. त्यानंतर जोडशब्दाच्या उजवीकडचे रूप पाहतात, कारण तेथे शेवटचा घटक लगेच सुरू होतो. मग डावीकडे जाऊन त्याच दर्जाचे घटक शोधतात. अखेरीस सर्व घटकांना सामाईक असणारा आरंभीचा भाग वेगळा काढून तो प्रत्येक घटकाला स्वतंत्रपणे लावून पाहतात. ज्या घटकाशी तो जुळत नाही तो बदलायचा असतो.

"ही लाइक्स स्विमिंग, रीडिंग, अँड टू पेंट" या वाक्यात सामाईक भाग 'ही लाइक्स' हा आहे. तीनही जोडण्या सुट्या सुट्या शुद्ध आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोष आहे तो एकत्र येण्यात. म्हणून केवळ सामाईक भाग लावून पाहणे पुरत नाही, घटकांची रूपेही एकमेकांशी ताडावी लागतात. येथे 'पेंटिंग' असे रूप केल्यावर वाक्य समांतर होते.

मराठीत ही तपासणी वाक्याच्या दुसऱ्या टोकाने होते. "त्याला पोहायला, वाचायला आणि चित्रे काढायला आवडते" यात सामाईक क्रियापद शेवटी आहे आणि घटकांची समानता त्यांच्या प्रत्ययांत, म्हणजे शब्दांच्या शेवटी दिसते. इंग्रजीत सामाईक भाग आधी येतो आणि घटकांची समानता त्यांच्या पहिल्या शब्दात शोधावी लागते. शब्दयोगी अव्ययांबाबतही तसेच. "इन मुंबई, पुणे, अँड इन नाशिक" ही रचना सदोष आहे. 'इन' एकदा आरंभी येऊन तिघांना पुरतो किंवा तिघांनाही स्वतंत्रपणे लागतो, मधला मार्ग नाही.

जोडीने येणाऱ्या अव्ययांत दोष फार होतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरून वाक्य पुन्हा लिहिण्याचा प्रश्न परिचित आहे. "ही वन अ प्राइज अँड अ स्कॉलरशिप" हे वाक्य दिले असता अनेकदा "ही नॉट ओन्ली वन अ प्राइज बट ऑल्सो अ स्कॉलरशिप" असे उत्तर लिहिले जाते. 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आले आहे व 'बट ऑल्सो'नंतर नाम, त्यामुळे जोडीची दोन पारडी असमान झाली. 'वन' हे क्रियापद जोडीच्या बाहेर, आधी काढले की "ही वन नॉट ओन्ली अ प्राइज बट ऑल्सो अ स्कॉलरशिप" हे समतोल वाक्य मिळते. मराठीत "त्याने केवळ बक्षीसच नव्हे, तर शिष्यवृत्तीही मिळवली" असे म्हणताना हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण क्रियापद शेवटी असल्याने आपोआपच जोडीच्या बाहेर राहते.

तुलना हाही समांतर रचनेचाच प्रांत आहे. "द रेनफॉल ऑफ कोकण इज हेव्हियर दॅन मराठवाडा" या वाक्यात पाऊस आणि प्रदेश यांची तुलना झाली आहे. इंग्रजीत 'दॅन दॅट ऑफ मराठवाडा' असे लिहून पावसाची तुलना पावसाशी करावी लागते. मराठीत "कोकणचा पाऊस मराठवाड्यापेक्षा जास्त असतो" असे बोलण्यात सर्रास चालते आणि ऐकणारा गाळलेले पद भरून घेतो. या वाक्याचे शब्दशः इंग्रजी झाले की दोष सोबत येतो.

## एकाच वाक्यातील दोन्ही दोषांचे उदाहरण

प्रगत अभ्यासांत दोन्ही दोष एका वाक्यात एकत्र आणलेले असतात. पुढील वाक्य त्या धर्तीचे आहे: "हॅविंग स्टडीड द रेकॉर्ड्स ऑफ थ्री ड्राउट्स, इट वॉज कन्क्लूडेड बाय द कमिटी दॅट द डिस्ट्रिक्ट शुड डीपन इट्स टँक्स, द प्लँटिंग ऑफ ट्रीज ऑन द स्लोप्स, अँड टू मीटर एव्हरी वेल." आशय असा की तीन दुष्काळांच्या नोंदी अभ्यासून समितीने निष्कर्ष काढला की जिल्ह्याने तलाव खोल करावेत, उतारांवर झाडे लावावीत आणि प्रत्येक विहिरीला मीटर बसवावा.

आरंभीच्या पदबंधातील क्रिया अभ्यासाची आहे. मुख्य क्रियापदाचे उद्देश्य 'इट' हे पोकळ सर्वनाम आहे. अभ्यास करणारी समिती 'बाय द कमिटी' असा आडोसा घेऊन मागे बसली आहे. मराठी वाचकाला 'समितीने' हा तृतीयान्त कर्ता दिसतो आणि वाक्य पटते. इंग्रजी रचनेत तो उद्देश्याच्या जागी नाही. त्याला तेथे आणले की "हॅविंग स्टडीड द रेकॉर्ड्स ऑफ थ्री ड्राउट्स, द कमिटी कन्क्लूडेड दॅट..." असा पूर्वार्ध तयार होतो. कर्मणी प्रयोग जाऊन वाक्य आखूडही झाले.

आता 'अँड'च्या उजवीकडे पाहिल्यास 'टू मीटर' हे इन्फिनिटिव्ह आहे. डावीकडे 'द प्लँटिंग' हे नाम आणि त्याआधी 'डीपन' हे मूळ धातुरूप आहे. सामाईक भाग 'द डिस्ट्रिक्ट शुड' असा आहे आणि 'शुड'नंतर केवळ मूळ धातुरूप येऊ शकते. म्हणून 'प्लँट' व 'मीटर' ही रूपे घ्यावी लागतात. येथे निवडीला वाव नाही, रूप 'शुड'ने ठरवले आहे. पूर्ण वाक्य असे होते: "हॅविंग स्टडीड द रेकॉर्ड्स ऑफ थ्री ड्राउट्स, द कमिटी कन्क्लूडेड दॅट द डिस्ट्रिक्ट शुड डीपन इट्स टँक्स, प्लँट ट्रीज ऑन द स्लोप्स, अँड मीटर एव्हरी वेल."

या वाक्यावर दोन चुकीच्या दुरुस्त्या संभवतात. निष्कर्षाचे उपवाक्य अनावश्यक वाटून ते गाळले आणि "हॅविंग स्टडीड द रेकॉर्ड्स ऑफ थ्री ड्राउट्स, द डिस्ट्रिक्ट शुड डीपन इट्स टँक्स..." असे लिहिले, तर वाक्य सुटसुटीत व समांतर होते, परंतु नोंदींचा अभ्यास जिल्ह्याने केला असे ठरते. हा दोष मूळ दोषापेक्षा वाईट आहे, कारण मूळ वाक्य वाचकाला अडखळवत होते, नवे वाक्य त्याला न अडखळवता चुकीची माहिती देते. दुसऱ्या दुरुस्तीत "द कमिटीज कन्क्लूजन वॉज दॅट..." असे केले जाते; तेथे वर सांगितलेला षष्ठीचा सापळा आहे.

दुरुस्तीचा क्रमही येथे महत्त्वाचा ठरतो. अधांतरी विशेषक आधी सोडवावा आणि यादी नंतर. विशेषकाच्या दुरुस्तीत मुख्य वाक्याचे उद्देश्य व क्रियापद बदलू शकते, आणि यादीतील घटकांचे रूप त्या क्रियापदावर अवलंबून असते. 'कन्क्लूडेड दॅट' ऐवजी 'रेकमेंडेड' हे क्रियापद घेतले, तर 'डीपनिंग', 'प्लँटिंग' व 'मीटरिंग' अशी तीन जेरंडरूपे लागतील. यादी आधी दुरुस्त केलेली असेल तर हे काम दोनदा करावे लागते.

## अतिदुरुस्ती

नियम नव्याने शिकलेला विद्यार्थी निर्दोष वाक्यांनाही हात लावतो. "द स्टॉर्म स्वेप्ट द कोस्ट, अपरूटिंग ट्रीज अँड फ्लडिंग रोड्स" या वाक्यात तीन क्रिया दिसतात, त्यांपैकी एकीचे रूप वेगळे आहे. म्हणून 'स्वेप्ट, अपरूटेड, अँड फ्लडेड' अशी 'समांतर' यादी केली जाते. मूळ वाक्यात मुख्य क्रिया एकच आहे. झाडे उन्मळणे व रस्ते जलमय होणे हा तिचाच तपशील आहे. ती दोन धातुसाधिते परस्परांशी समांतर आहेत आणि तेवढेच अपेक्षित आहे. यादी केल्यावर वादळाने तीन स्वतंत्र कामे केली असा अर्थ होतो. समांतर रूप समान दर्जाच्या घटकांनाच द्यायचे असते. दर्जा समान आहे की नाही हे रूपावरून नव्हे, अर्थावरून ठरते.

वाक्यारंभी येणारे प्रत्येक धातुसाधितही अधांतरी नसते. "द वर्क बीइंग फिनिश्ड, द लेबरर्स वेंट होम" यात 'द वर्क' हे धातुसाधिताचे स्वतःचे उद्देश्य आहे, म्हणून त्याला मुख्य वाक्यातील उद्देश्याची गरज नाही. या रचनेला अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात; संस्कृतातील सति सप्तमी परिचित असलेल्यास ती चटकन ओळखू येते. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'अकॉर्डिंग टू' ही रूपे मूळची धातुसाधिते असली तरी आता शब्दयोगी अव्ययांसारखी वापरली जातात. 'जनरली स्पीकिंग' हा पदबंध बोलणाऱ्याच्या दृष्टिकोनाविषयी असतो. "कन्सिडरिंग हिज एज, द रिझल्ट इज रिमार्केबल" या वाक्याला कोणी दोष देत नाही.

प्रयोगाच्या वृत्तांतांत "यूजिंग अ थर्मॉमीटर, द टेंपरेचर वॉज मेझर्ड" अशी वाक्ये सर्वत्र आढळतात. मोजणारा कोण हे तेथे गौण असल्याने वाचक अडखळत नाही आणि अनेक संपादक ती तशीच ठेवतात. ज्या परीक्षेत काटेकोर नियम लागू आहे तेथे "द टेंपरेचर वॉज मेझर्ड विथ अ थर्मॉमीटर" असे लिहून वाद मिटवता येतो.

## नियमाचा इतिहास व मतभेद

हे दोन्ही नियम एकत्र व ठसठशीतपणे मांडणाऱ्या पुस्तकांत विल्यम स्ट्रंक यांचे 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' प्रसिद्ध आहे. कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ते १९१८ मध्ये खासगीरीत्या छापले. वाक्यारंभीच्या धातुसाधिताचा संबंध व्याकरणिक उद्देश्याशी असलाच पाहिजे आणि समान विचार समान रूपात मांडावेत, अशा आशयाचे नियम त्यात आहेत. पुढे ई. बी. व्हाइट यांनी सुधारलेली आवृत्ती १९५९ मध्ये निघाली आणि ती अमेरिकेतील महाविद्यालयांत सर्वत्र पोहोचली. इंग्लंडमध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात अशा सुट्या धातुसाधितांवर टीका केली. त्यांपैकी काही अव्ययरूप होत चालली आहेत हेही त्यांनी नोंदवले.

साहित्यात मात्र हा नियम नेहमी पाळलेला दिसत नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्या अंकात राजाचे भूत आपल्या मृत्यूची पसरवलेली खोटी वार्ता सांगते. बागेत झोपला असताना राजाला सर्पाने दंश केला, अशी ती वार्ता आहे. मूळ वाक्यात झोपण्याचे धातुसाधित आधी आहे आणि उद्देश्याच्या जागी सर्प आहे. काटेकोर नियमाने सर्प झोपलेला ठरतो, परंतु प्रेक्षकाचा तसा समज होत नाही. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या 'केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' या ग्रंथात अशा रचनांकडे सरसकट व्याकरणदोष म्हणून पाहिलेले नाही. या दृष्टीने प्रश्न वाचकाला अर्थ लावताना होणाऱ्या अडचणीचा आहे, आणि ती अडचण वाक्यागणिक कमीजास्त असते. समांतर रचनेबाबत एवढा मतभेद आढळत नाही.

## परीक्षांतील स्थान

जीमॅट या व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत सेंटेन्स करेक्शन हा प्रश्नप्रकार दीर्घकाळ होता. वाक्याचा काही भाग अधोरेखित करून पाच पर्याय दिले जात. पहिला पर्याय मूळ वाक्याचाच असे, म्हणजे 'दुरुस्ती नको' हेही उत्तर संभवत असे. भारतातील शिकवणी वर्गांची व सरावपुस्तकांची मोठी सामग्री याच प्रश्नासाठी तयार झाली. नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या नव्या स्वरूपातून हा प्रकार वगळण्यात आला. अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेच्या सध्याच्या संगणकीय स्वरूपात विशेषक व उद्देश्य यांच्या जागेविषयीचे प्रश्न आजही असतात. तेथे आरंभीचा पदबंध दिलेला असतो आणि चार पर्यायांपैकी ज्याच्या आरंभी योग्य उद्देश्य आहे तो निवडायचा असतो. त्यामुळे षष्ठीयुक्त पर्याय हमखास ठेवलेला आढळतो.

पर्याय निवडण्याच्या सरावाची मर्यादा सलग लेखनात उघड होते. परीक्षेतील वाक्यात पर्यायांमध्ये खरा कर्ता कोठेतरी दिलेला असतो. स्वतःच्या निबंधात तो अनेकदा वाक्यातच नसतो. मागच्या वाक्यातून किंवा प्रसंगातून तो शोधून आणावा लागतो. म्हणून या अभ्यासात विद्यार्थ्याच्याच लेखनातील स्वल्पविरामाने संपणारे आरंभीचे पदबंध अधोरेखित करून प्रत्येकापुढील उद्देश्याला वर्तुळ करण्याची पद्धत अधिक उपयोगी पडते. अधोरेखित क्रिया आणि वर्तुळातले नाम मोठ्याने एकत्र वाचले, की चालणारी झाडे व अभ्यास करणारे निष्कर्ष बहुधा ऐकू येतात.